‘मी तापापासून ग्रस्त आहे’ : एका चुकीची थोरवी

रजेच्या अर्जात शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीचे मराठी करणाऱ्या माणसाचे मला मनापासून कौतुक वाटते. आस्थापना शाखेत काम करताना असे अर्ज वर्षानुवर्षे माझ्या टेबलावर आले. मराठी वाक्य कसे उभे राहते, हे मला व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा या अर्जांनी जास्त शिकवले. बिनचूक अर्ज वाचला, नोंद केली, की विसरला जातो. चुकलेल्या अर्जापाशी डोळा थांबतो. वाक्य नेमके कुठे अडले हे शोधावे लागते, आणि तिथेच दोन भाषांमधला सांधा सापडतो. तो दाखवणाऱ्याचे उपकार मानायला हवेत.

एक अर्ज मी वहीत उतरवून ठेवला आहे. नव्याने नोकरीला लागलेल्या, इंग्रजी माध्यमात शिकलेल्या एका तरुणाचा तो. त्याने आधी इंग्रजीत लिहिले होते आणि मग एकेक शब्द मराठीत आणला होता. नाव आणि पद सोडून अर्ज असा :

‘आदरणीय सर, देय आदरासह मी तुम्हाला कळवू इच्छितो की मी गेल्या दोन दिवसांपासून तापापासून ग्रस्त आहे. डॉक्टरांनी मला संपूर्ण बिछाना विश्रांतीचा सल्ला दिला आहे. म्हणून मी 11 जून ते 13 जूनपर्यंत कार्यालयात उपस्थित राहण्यास सक्षम असणार नाही. मी 14 आणि 15 जून प्रत्यय करण्याची परवानगी मागतो. कृपया मला तीन दिवसांसाठी वैद्यकीय आधारावर रजा प्रदान करा. मी तुमचा खूप आभारी असेन. तुम्हाला धन्यवाद देत, तुमचा विश्वासूपणे.’

या अर्जात कामचुकारपणा कुठेही नाही. एकही शब्द गाळलेला नाही. लिहिणाऱ्याने ताप अंगात असताना कोश उघडला आहे आणि इंग्रजीतली प्रत्येक वस्तू प्रामाणिकपणे मराठीच्या दारात आणून ठेवली आहे. म्हणूनच त्याच्या चुका इतक्या स्वच्छ दिसतात.

पहिली चूक सर्वांत मोलाची आहे. ‘तापापासून ग्रस्त’ यातले ‘पासून’ हे ‘सफरिंग फ्रॉम’ मधले ‘फ्रॉम’ आहे. पण नुसते ‘पासून’ बदलून भागत नाही. ‘तापाने ग्रस्त आहे’ लिहिले तर व्याकरण सुधारते, अर्ज मात्र परकाच राहतो, कारण त्याचा कर्ता अजून ‘मी’ आहे. इंग्रजीत ताप भोगणारा माणूस वाक्याच्या मुखाशी उभा असतो. मराठीत ताप येतो. पाहुणा यावा तसा तो आपल्या पायांनी येतो, चढतो, उतरतो, निघतो. आपण फक्त ‘मला’ म्हणून बाजूला असतो. मला ताप आला, मला खोकला झाला, माझी पाठ धरली, माझे पोट बिघडले, माझे डोके दुखते. यांतल्या एकाही वाक्याचा कर्ता ‘मी’ नाही. आजारपण आपण करत नाही, ते आपल्याला होते, असे मराठीचे म्हणणे आहे, आणि आजारपणाच्या रजेचा सगळा युक्तिवादही हाच असतो. ‘मला ताप आला आहे’ या चार शब्दांत रजेचे कारण आणि अर्जदाराचा निर्दोषपणा दोन्ही येऊन जातात.

याच चुकीचे दुसरे रूप ‘माझ्याकडे ताप आहे’. हे ‘आय हॅव फीवर’चे मराठी. ‘माझ्याकडे’ म्हटले की मराठी कानाला पुस्तक, गाडी, सुटे पैसे आठवतात, म्हणजे मागितले तर काढून देता येईल असे काहीतरी. ही चूक वाचेपर्यंत आपण किती गोष्टी ‘कडे’ ठेवतो आणि किती गोष्टी ‘ला’ लावून सांगतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता. माझ्याकडे वेळ आहे, पण मला घाई आहे. माझ्याकडे औषध आहे, पण मला ताप आहे. मराठी बोलणारे मूल हा भेद शाळेत जाण्यापूर्वीच पाळते. तो पाळला जातो आहे हे दाखवायला मात्र कोणाला तरी तो मोडावा लागतो.

पुढची चूक ‘उपस्थित राहण्यास सक्षम असणार नाही’. इथे ‘एबल’चे ‘सक्षम’ झाले आहे. सक्षम शब्द चांगला आहे, पण तो अंगच्या कुवतीबद्दल बोलतो. सक्षम अधिकारी म्हणजे ज्याच्या हाती निर्णयाचा अधिकार आहे तो. तीन दिवस कार्यालयात न येणारा माणूस अक्षम नसतो, त्याला येता येत नसते. ‘मला येता येणार नाही’ या वाक्यात पुन्हा ‘मला’ आहे, आणि अडचण माणसात नसून परिस्थितीत आहे हे ‘येता येणे’ या जोडीने आपोआप सांगितले जाते. घरगुती कारणासाठी रजा हवी असली तरी हेच घडते. शाळेत पाठ केलेल्या इंग्रजी अर्जातला ‘अर्जंट पीस ऑफ वर्क’ मराठीत ‘घरी तातडीच्या कामाचा तुकडा असल्यामुळे’ असा आलेला मी पाहिला आहे. मराठीत काम निघते. ‘घरी तातडीचे काम निघाल्याने’ म्हटले की पुरते. ताप येतो, काम निघते, लग्न ठरते, पाहुणे येऊन ठेपतात, आणि अर्जदार या सगळ्यांच्या मधोमध ‘मला’ होऊन उभा राहतो.

त्या तरुणाच्या अर्जात पाच वेळा ‘मी’ आहे. रजेचा चांगला मराठी अर्ज एकही ‘मी’ न वापरता लिहिता येतो. हे मला त्याचे ‘मी’ मोजल्यावर कळले.

आता मागणीकडे. ‘कृपया मला रजा प्रदान करा.’ ‘ग्रँट’ला कोशात प्रदान, अनुदान, बहाल असे शब्द सापडतात. पुरस्कार प्रदान होतो, शाळेला अनुदान मिळते. रजा मंजूर होते. पण शब्दापेक्षा क्रियापदाचे रूप अधिक महत्त्वाचे आहे. ‘करा’ ही आज्ञा आहे. तिच्यापुढे ‘कृपया’ लावले तरी ती आज्ञाच राहते, फक्त नरम होते. इंग्रजीला विनंतीसाठी वेगळे क्रियारूप नसल्याने ‘प्लीज’ किंवा ‘काइंडली’ची मदत घ्यावी लागते. मराठीकडे विध्यर्थ आहे : करावी, द्यावी, व्हावी, मिळावी. ‘रजा मंजूर करावी, ही विनंती’ यात ‘कृपया’ची गरज उरत नाही, कारण कृपेची मागणी ‘-आवी’ या शेपटातच आली आहे. ‘कृपया मंजूर करावी, ही विनंती’ असे तिन्ही एकत्र लिहिण्याचीही पद्धत पडली आहे. ते चूक नाही, पण एकाच नमस्कारासाठी तीनदा वाकण्यासारखे आहे.

करावी आणि मिळावी यांतही अंतर आहे. ‘आपण रजा मंजूर करावी’ यात साहेब कर्ता आहेत. ‘रजा मिळावी’ यात रजा कर्ता आहे, देणारा आणि घेणारा दोघेही पडद्याआड आहेत. वरिष्ठांशी संबंध औपचारिक असेल, किंवा अर्ज तीन टेबले फिरून कोणा तिसऱ्याच्याच सहीने मंजूर होणार असेल, तर ‘मिळावी’ जास्त शोभते. म्हणून विषयाच्या ओळीतही ‘रजा मिळण्याबाबत’ असे लिहितात.

‘तीन दिवसांसाठी रजा’ यातले ‘साठी’ हे ‘फॉर’ आहे. मराठीत रजा तीन दिवसांची असते, जसे दूध दोन लिटर आणि प्रवास सहा तासांचा. हे वाचताना क्षुल्लक वाटेल. पण एकदा कान लागला की ‘एका आठवड्यासाठी रजेवर’ असे कुठेही वाचले तरी मागची इंग्रजी ओळ ऐकू येते.

काही अर्जांमध्ये ‘लीव्ह’ या शब्दाचेच भाषांतर झालेले असते. विषय : ‘सोडण्याचा अर्ज’. ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणे, हे लिहिणाऱ्याने शाळेत शिकलेले असते आणि कार्यालय सोडूनच तर जायचे असते, मग चूक ती काय? ही चूक वाचल्यावर मी पहिल्यांदा दोन्ही शब्दांची कुळे पाहिली. इंग्रजीत ‘लीव्ह’ नावाचे दोन शब्द आहेत. सोडून जाण्याचा वेगळा आणि रजेचा वेगळा. दिसायला सारखे, मुळात निराळे. रजेच्या ‘लीव्ह’चा जुना अर्थ परवानगी असा आहे. आणि आपली ‘रजा’ अरबीतून फारसीच्या वाटेने आली, तिचाही मूळ अर्थ संमती, राजीखुशी. राजी हा शब्द त्याच घरातला. म्हणजे हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी कामावरून दूर राहण्याला अनुपस्थिती म्हटले नाही, संमती म्हटले. म्हणूनच आपण ‘सुट्टी’ आणि ‘रजा’ वेगळे ठेवतो. सुट्टी सगळ्यांना असते, ती मागावी लागत नाही. रजा एकट्याची असते आणि ती मागूनच घ्यावी लागते. रविवारची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, पण तापासाठी रजा. ‘मला उद्या सुट्टी मंजूर करावी’ असे लिहिणाऱ्याला कोणी अडवत नाही, पण त्याच्या वाक्यात संमतीचा अंश कमी पडतो.

त्या तरुणाने लिहिलेले ‘14 आणि 15 जून प्रत्यय करण्याची परवानगी’ हे वाक्य मला सर्वांत प्रिय आहे. 2025 साली 14 आणि 15 जूनला शनिवार-रविवार होते. रजेच्या शेवटाला लागून आलेल्या सुट्टीला कार्यालयीन इंग्रजीत ‘सफिक्स’ म्हणतात, आधी आलेल्या सुट्टीला ‘प्रिफिक्स’. कोशात सफिक्सचा अर्थ प्रत्यय, प्रिफिक्सचा उपसर्ग. त्याने तसे लिहिले आणि शनिवार-रविवार शब्दाच्या शेवटी लागणाऱ्या ‘-पणा’ आणि ‘-कर’सारखे रजेला चिकटले. मराठी इथे व्याकरणाचा शब्द वापरत नाही, जोडण्याची साधी क्रिया वापरते : ‘रजेला जोडून येणाऱ्या सुट्ट्यांचा लाभ घेण्याची परवानगी मिळावी.’ दोन दिवस गावी जायचे असेल तर आणखी एक ओळ लागते, तिथे ‘आउट ऑफ स्टेशन’ येते. त्याचे ‘स्थानकाबाहेर’ केलेलेही मी वाचले आहे, आणि वाचताना रेल्वेचा फलाट डोळ्यांसमोर आला. कार्यालयीन मराठीत ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी’ म्हणतात. घरच्या भाषेत आपण नुसते ‘बाहेरगावी’ जातो.

इतक्या चुकांमध्ये फक्त एकाच ठिकाणी चुकीने माणसाचे नुकसान होऊ शकते, आणि ते म्हणजे रजेच्या प्रकाराचे नाव. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 यांनी ही नावे ठरवून ठेवली आहेत आणि त्यांतल्या प्रत्येक नावामागे दिवसांचा वेगळा हिशेब आहे. ‘अर्न्ड लीव्ह’ म्हणजे अर्जित रजा. तिचा ‘अर्जा’शी काही संबंध नाही, हे ‘अर्जित’ संस्कृतातले, मिळवलेले या अर्थाचे. ती वर्षाला तीस दिवस, जानेवारीत पंधरा आणि जुलैत पंधरा अशी आगाऊ जमा होते. ‘हाफ पे लीव्ह’ म्हणजे अर्धवेतनी रजा, वर्षाला वीस दिवस, दर सहामाहीला दहा. ‘कॅज्युअल’ला नियमाच्या भाषेत नैमित्तिक आणि बोलण्यात किरकोळ रजा म्हणतात. कोणी ती ‘अनौपचारिक रजा’ लिहिली किंवा हिंदीतून ‘आकस्मिक अवकाश’ आणला, तरी आस्थापना शाखेला अर्थ लागतो. अवकाश मराठीत वेगळ्याच अर्थाने राहतो, ‘लग्नाला अजून अवकाश आहे’ म्हणतात तसा.

पण ‘कम्यूटेड लीव्ह’ फसवते. आजारपणात वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून पूर्ण पगाराची रजा हवी असेल, तर खात्यावरच्या अर्धवेतनी रजेचे रूपांतर करून घेता येते. तिचे नाव परिवर्तित रजा. एक दिवस घेतला की अर्धवेतनीतून दोन दिवस वजा होतात. आमच्याकडे एका बाईंनी ‘कम्यूट’चा शहरातला रोजचा अर्थ धरला आणि ‘चार दिवस प्रवास रजा’ असे लिहिले. तो अर्ज रजा प्रवास सवलतीच्या कागदांमध्ये गेला आणि तिथेच राहिला. त्या आजारी होत्या, प्रमाणपत्र जोडलेले होते, पण कागद ज्या टेबलावर होता तिथे आजारपणाचा विचारच होत नव्हता. शेवटी त्यांनी नव्याने एका ओळीचा अर्ज दिला : ‘चार दिवसांची परिवर्तित रजा मंजूर करावी.’ अर्धवेतनीतून आठ दिवस वजा झाले आणि पगार पूर्ण निघाला. तशीच अडचण ‘तीन दिवस अर्धी रजा’ लिहिण्यात आहे. अर्ध्या दिवसाची की अर्ध्या वेतनाची? पहिल्यात दीड दिवस खर्च होतात, दुसऱ्यात तीन, आणि ते वेगवेगळ्या खात्यांतून. अशा वेळी नियमातले नाव लिहावे. ते आठवत नसेल तर ‘दुपारी दोननंतर घरी जायचे आहे’ असे साध्या शब्दांत सांगितले तरी कोणी चुकीचे वाचणार नाही.

‘आजारी रजा’ हा शब्दप्रयोग मी दुरुस्त करत नाही. त्यात रजाच आजारी पडल्यासारखी वाटते खरी. ‘आजारपणाची रजा’ जास्त सरळ आहे. पण ‘आजारी रजा’ इतक्या लोकांच्या तोंडी बसली आहे की ती आता आपलीच झाली. भाषेत बाहेरून आलेले सगळेच परके राहत नाही. अर्ज, मंजूर, हजर हे अरबी शब्दही कधीतरी असेच आत आले. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात राज्यकारभारातल्या फारसी वळणाच्या शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले होते. हे तिघे तरीही टिकले, कारण ते लोकांच्या वाक्यात मुरले होते. ‘तापापासून ग्रस्त’ मात्र मुरणार नाही. तिथे परका शब्द आलेला नाही, परका सांगाडा आला आहे.

एक अर्ज वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. एका मुलीने लिहिले होते : ‘माझी आजी काल कालबाह्य झाली.’ आपल्याकडच्या इंग्रजीत माणूस गेला की ‘एक्स्पायर्ड’ म्हणतात, आणि कोशात त्या शब्दासमोर मुदत संपणे, कालबाह्य होणे असे दिलेले असते. मला त्या वाक्याचे हसू आले नाही. आजी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, रडून झालेल्या डोळ्यांनी, योग्य शब्द सापडावा म्हणून ती कोशापर्यंत गेली होती. मराठीत या एका गोष्टीसाठी किती शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा किती ठरलेली आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. कार्यालयाच्या अर्जात ‘निधन झाले’. सहकाऱ्याला सांगताना ‘वारली’. घरात नुसते ‘गेली’. जुन्या पत्रांत ‘देवाज्ञा झाली’. मी तिला बोलावून ‘आजीचे निधन झाल्याने’ असे लिहायला सांगितले. तिने ते लिहिले, आणि मग खाली मान घालून म्हणाली, ‘सर, आमच्यात गेली म्हणतात.’ तो शब्द तिच्याकडे पहिल्यापासून होता. अर्जात घरचा शब्द चालत नाही अशी तिची समजूत होती, आणि इंग्रजीपर्यंतचा सगळा वळसा त्या समजुतीमुळे पडला होता. त्या तरुणाकडेही ‘मला ताप आलाय’ हे वाक्य होतेच. फोनवर आईला त्याने तेच सांगितले असणार.

म्हणून मी कोणालाही नमुना देत नाही. आधी घरी जसे सांगाल तसे सांगा म्हणतो, मग त्यालाच कार्यालयाचे कपडे चढवतो. त्या तरुणाला मी समोर बसवून विचारले, काय झाले? म्हणाला, सोमवारपासून ताप येतोय, डॉक्टर म्हणाले तीन दिवस झोपून राहा, शुक्रवारपर्यंत यायला जमणार नाही, पुढे शनिवार-रविवार आहेच, सोमवारी येतो. त्याच क्रमाने अर्ज उतरला :

‘विषय : दि. 11 ते 13 जून 2025 या तीन दिवसांची परिवर्तित रजा मिळण्याबाबत.

महोदय,

सोमवार, दि. 9 जूनपासून मला ताप येत आहे. डॉक्टरांनी तीन दिवस पूर्ण विश्रांती घेण्यास सांगितले आहे. त्यामुळे दि. 11 ते 13 जून या काळात कार्यालयात येता येणार नाही. तरी या तीन दिवसांची परिवर्तित रजा मंजूर करावी, तसेच रजेला जोडून येणाऱ्या दि. 14 व 15 जूनच्या सुट्ट्यांचा लाभ घेण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. सोमवार, दि. 16 जून रोजी कामावर रुजू होईन. वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

आपला विश्वासू,’

‘देय आदरासह’ गेले, कारण ‘महोदय’ आणि ‘करावी’ यांनी आदर केव्हाच पोचवला आहे. ‘आभारी असेन’ गेले. त्याला ते ठेवायचेच असते तर ‘आभारी राहीन’ लिहावे लागले असते. ‘धन्यवाद देत’ गेले, कारण रजा अजून मिळायची आहे. ‘विश्वासूपणे’चा ‘विश्वासू’ झाला, कारण मराठी पत्राच्या शेवटी माणूस सही करतो, त्याची पद्धत नव्हे. आणि ‘प्रत्यय’ शब्द काढताना त्याला वाईट वाटलेले दिसले, तेव्हा मीही तो वहीत उतरवून घेतला.

त्याने अर्ज एकदा वाचला आणि ‘रुजू’वर बोट ठेवून विचारले, ‘हा शब्द कशाला? मी तर परत येतोय.’ मी सांगितले, अरबीत रुजूचा अर्थ परत येणे असाच आहे. तो सही करून घरी गेला. 16 जूनला सकाळी त्याने माझ्या टेबलावर एका ओळीचा कागद ठेवला : ‘आज कार्यालयीन वेळेपूर्वी रुजू झालो आहे.’ त्यातही ‘मी’ नव्हता.